सर्टिफिकेटात एक व्याज, स्टेटमेंटात दुसरं: रिटर्नमध्ये टाकायचं कुठलं?

वाचकाचं पत्र: "मी खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहे, वर्षाचा पगार साडेनऊ लाख. बेळगावात वडगावला तयार घर घेतलंय, आम्ही तिथंच राहतो. घर माझ्या एकटीच्या नावावर, कर्जात आई सहकर्जदार. २०२४-२५ चं रिटर्न भरायला बसले तर होमलोनच्या व्याजाचे तीन आकडे समोर आलेत. डिसेंबरात शाळेत दिलेल्या सर्टिफिकेटवर १,९७,१९८. आता एप्रिलनंतर बँकेनं दिलेल्यावर १,९४,१०४. आणि स्टेटमेंटच्या डेबिट कॉलमची बेरीज मारली तर २,२०,८२४. ऑगस्टात एक हप्ता बाउन्स झाला होता आणि नोव्हेंबरात मी एक लाख जादा भरले होते. बँकेनं माझं व्याज कमी दाखवलंय का? शाळेतले बाकीचे सरळ दोन लाख टाकतात, मीपण तेच टाकू का?"

ताई, पत्रासोबत वर्षभराचं स्टेटमेंट आणि दोन्ही सर्टिफिकेटं पाठवलीत ते फार बरं केलंत, नाहीतर अशा प्रश्नाला नुसता अंदाजच सांगावा लागतो. मी सगळ्या एन्ट्र्या लावून बघितल्या. बँकेनं व्याज कमी दाखवलेलं नाही, आणि तुमच्या बेरजेतही चूक नाही. चुकलंय ते एवढंच की डेबिट कॉलम म्हणजे व्याज असं तुम्ही धरून चाललाय.

लोन अकाउंटच्या स्टेटमेंटात डेबिट म्हणजे तुमच्या कर्जात बँकेनं जे जे वाढवलं ते सगळं. त्यात व्याज असतं, बाउन्सचा चार्ज असतो, विम्याचा हप्ता असतो आणि परत गेलेला ईएमआयसुद्धा असतो. तुमचा ऑगस्टच बघा की. ५ तारखेला २२,००० क्रेडिटला दिसतायत, म्हणजे हप्ता जमा. त्याच दिवशी २२,००० डेबिटला, म्हणजे सेव्हिंग खात्यात पैसे नव्हते म्हणून तो हप्ता परत गेला. ६ तारखेला ५९० डेबिट, हा बाउन्सचा चार्ज, ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मग १४ तारखेला तुम्ही हप्ता भरलात, तो क्रेडिटला. आणि ३१ ऑगस्टला १६,८६४ डेबिट, हे खरं त्या महिन्याचं व्याज. एका महिन्यात डेबिट झालं ३९,४५४ आणि त्यातलं व्याज फक्त १६,८६४, आता वर्षाची बेरीज का फुगली ते ध्यानात येईल. डिसेंबरच्या १० तारखेला अजून एक ४,१३० डेबिट आहे, नॅरेशनमध्ये इन्शुरन्स लिहिलंय, तो घराच्या विम्याचा हप्ता बँकेनं लोन खात्यातनं कापलाय.

आता तुमच्या २,२०,८२४ मधनं परत गेलेला हप्ता २२,००० काढा, चार्ज ५९० काढा, विमा ४,१३० काढा. राहिले १,९४,१०४. हाच आकडा बँकेच्या नव्या सर्टिफिकेटवर आहे, रुपयाचाही फरक नाही.

पण नुसतं वजाबाकी करून जुळलं म्हणून मी लगेच गप्प बसत नाही, कारण आपल्याला हवा तो आकडा येईपर्यंत काहीतरी काढत बसायची सवय सगळ्यांनाच असते. त्यासाठी दुसऱ्या बाजूनं एक तपासणी करायची आणि ती प्रत्येकानं करावी असं मला मनापासून वाटतं, कारण दहा मिनिटांचं काम आहे आणि एकदा जुळलं की शंका उरत नाही. १ एप्रिलची बाकी घ्यायची, त्यात वर्षभराचं व्याज आणि चार्जेस मिळवायचे, प्रत्यक्ष भरलेले पैसे वजा करायचे, आणि जे येईल ते ३१ मार्चच्या बाकीशी तंतोतंत बसलं पाहिजे. तुमचं असं येतं:

१ एप्रिल २०२४ ची बाकी: २२,४०,०००
अधिक व्याज: १,९४,१०४
अधिक बाउन्स चार्ज आणि विमा: ४,७२०
वजा २२,००० चे बारा हप्ते: २,६४,०००
वजा नोव्हेंबरातले जादा भरलेले: १,००,०००
३१ मार्च २०२५ ची बाकी: २०,७४,८२४

स्टेटमेंटच्या शेवटच्या ओळीत २०,७४,८२४ च आहे. म्हणजे व्याजाचा आकडा पक्का. यात परत गेलेला हप्ता कुठंच धरलेला नाही हे बघा, कारण तो एकदा क्रेडिट आणि एकदा डेबिट होऊन आपोआप शून्य होतो. बरेच जण क्रेडिट कॉलमची बेरीज मारून "मी तेरा हप्ते भरले" म्हणतात, तिथं हेच झालेलं असतं.

ज्यांच्याकडं स्टेटमेंट एक्सेलमध्ये आहे त्यांनी हातानं बेरीज मारू नये. समजा बी कॉलममध्ये नॅरेशन, सी मध्ये डेबिट आणि डी मध्ये क्रेडिट असेल तर हे सूत्र टाका:

```
=SUMIF(B:B,"*INTEREST*",C:C)-SUMIF(B:B,"*INTEREST*",D:D)
```

क्रेडिट बाजूचं व्याज वजा केलंय ते मुद्दाम, कारण कधीकधी बँक जास्त लावलेलं व्याज पुढच्या महिन्यात उलटं फिरवते. तुमच्या बँकेच्या नॅरेशनला दुसरा काही शब्द असेल तर तोच टाका. दोन गोष्टी मात्र सांभाळा, दंडाच्या एन्ट्रीत पण हाच शब्द असेल तर ती यात घुसते, ती वेगळी काढायची, आणि उत्तर शून्य आलं तर आकडे टेक्स्ट म्हणून बसलेत असं समजा, बहुतेक वेळा स्वल्पविरामामुळं नाहीतर रकमेच्या शेवटी चिकटलेल्या अक्षरांमुळं तसं होतं.

आता डिसेंबरातल्या सर्टिफिकेटकडं येऊया. त्यावर वरच्या कोपऱ्यात प्रोव्हिजनल लिहिलेलं आहे, बारीक अक्षरात असल्यानं नजरेतनं सुटतं. ते तुम्ही ऑक्टोबरात काढलेलं दिसतंय. तेव्हा बँकेच्या सिस्टीमनं काय केलं, तर उरलेले सगळे हप्ते वेळेवर येतील, मध्ये जादा काही भरलं जाणार नाही आणि व्याजदर तोच राहील असं धरून मार्चपर्यंतचं व्याज मांडून दिलं. ऑफिसला टीडीएस कापायला काहीतरी आकडा पाहिजे असतो म्हणून हे देतात, आणि तेवढ्यापुरतं ते ठीकच आहे. पण २० नोव्हेंबरला तुम्ही एक लाख भरलेत, त्या लाखावर ९ टक्क्यांनी ३१ मार्चपर्यंत जे तीन हजारांवर व्याज लागलं असतं ते लागलंच नाही. १,९७,१९८ आणि १,९४,१०४ मधला ३,०९४ चा फरक बहुतेक सगळा तिथला आहे, विमा आणि चार्ज कर्जात चढल्यामुळं थोडं व्याज वाढलं ते वळतं होऊन. तुम्ही पैसे लवकर भरलेत म्हणून व्याज कमी झालं, यात बँकेनं तुमचं काही मारलेलं नाही.

म्हणून रिटर्नमध्ये टाकायचा आकडा १,९४,१०४. आणि इथं एक खबरदारी घ्या. शाळेनं फॉर्म १६ मध्ये प्रोव्हिजनलचा आकडा धरलाय, त्यामुळं पोर्टलवर रिटर्न उघडलं की घराच्या रकान्यात १,९७,१९८ आधीच भरून आलेला असू शकतो. तो तसाच ठेवून पुढं जाऊ नका, बदला. तुम्ही २० टक्क्यांच्या पट्ट्यात आहात, तेव्हा ३,०९४ वर सेस धरून साधारण ६४४ रुपये टॅक्स जादा लागेल, तेवढे भरायचे किंवा रिफंड असेल तर त्यातनं कमी होतील. फॉर्म १६ आणि रिटर्न यात फरक पडला म्हणून घाबरायचं कारण नाही, आपण वजावट कमी घेतोय आणि हातात फायनल सर्टिफिकेट आहे.

शाळेतले बाकीचे दोन लाख टाकतात म्हणता, त्याबद्दल जरा स्पष्ट बोलते. दोन लाख ही स्वतः राहत्या घराच्या व्याजाची कमाल मर्यादा आहे. ज्याचं व्याज वर्षाला दोन लाख चाळीस हजार आहे त्यानं दोन लाख टाकले तर ते बरोबरच आहे. तुमचं व्याज मर्यादेच्या आत आहे, म्हणून तुम्हाला मिळेल ते प्रत्यक्ष व्याजच. ज्यांचं कर्ज जुनं झालंय त्यांचं तर व्याज दरवर्षी उतरत जातं, आणि चार वर्षांपूर्वी दोन लाख बसत होते म्हणून आजही बसतात असं धरून लोक तोच आकडा पुढं ढकलत राहतात. २०२४-२५ च्या रिटर्नपासून फॉर्ममध्ये व्याजाच्या वजावटीसोबत बँकेचं नाव, लोन अकाउंट नंबर, कर्ज मंजुरीची तारीख, एकूण कर्ज आणि ३१ मार्चची बाकी असं सगळं मागतायत. तिथं तुम्ही बाकी २०,७४,८२४ लिहिणार आणि व्याज दोन लाख लिहिणार, तर हे दोन आकडे एकमेकांशी बसत नाहीत.

तेवढ्यात हेही बघून घ्या की तुमच्याकडं जुनी करप्रणाली निवडलेली आहे ना. आता आपोआप नवीच लागते, आणि नवीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही, मग ही सगळी जुळवाजुळव वाया. तुमच्या साडेनऊ लाखांत हे व्याज आणि ८०सी चे पूर्ण दीड लाख धरले तर जुनीत टॅक्स साधारण २४,६०० येतो आणि नवीत ३९,०००, तेव्हा तुम्हाला जुनीच बरी. पण त्यासाठी रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे, मुदत टळली की जुनी निवडता येत नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही पेन्सिलनं एक टीप लिहिलीय की ३१ मार्चचं व्याज १५,७६१ लागलं खरं पण त्याचा हप्ता ५ एप्रिलला गेला, मग ते पुढच्या वर्षात धरायचं का. प्रश्न अगदी योग्य आहे आणि सीएच्या ऑफिसात काम करणारी पोरंसुद्धा इथं अडखळतात. कलम २४(ब) मध्ये व्याज त्या वर्षाचं देणं झालं की धरायचं, पैसे कधी दिले ते बघायचं नाही. म्हणून ३१ मार्च २०२५ ची एन्ट्री याच वर्षात. तसंच ३१ मार्च २०२४ चं व्याज आधीच्या वर्षात गेलं, ते तुमच्या २२,४०,००० मध्ये आधीच बसलेलं आहे, ते परत मोजायचं नाही. ३० एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंत व्याजाच्या बरोबर बारा एन्ट्र्या पाहिजेत. तेरा आल्या किंवा अकरा आल्या तर स्टेटमेंट काढताना तारखा चुकल्यात असं समजायचं, ३१ मार्चपासून ३१ मार्चपर्यंतचं काढलं की हमखास तेरा येतात.

मुद्दलाचं मात्र याच्या उलट. ते ८०सी मध्ये जातं आणि तिथं प्रत्यक्ष भरलेलंच धरतात, एक लाख जादा भरलेत तेही त्यात आले. तुमच्या सर्टिफिकेटवर मुद्दल १,६९,८९६ लिहिलंय. भरलेले ३,६४,००० वजा व्याज, असं सरळ करून बँकेच्या सिस्टीमनं तो आकडा काढलाय. पण तुमची बाकी कमी झालीय १,६५,१७६ नं. मधला फरक ४,७२०, म्हणजे तोच बाउन्स चार्ज आणि विमा, ते पैसे मुद्दलात गेलेच नाहीत. घराच्या विम्याचा हप्ता आणि बाउन्सचा चार्ज ८०सी मध्ये चालत नाही. तुमच्या बाबतीत यानं काही बिघडत नाही, कारण ८०सी ची मर्यादाच दीड लाख आहे आणि दोन्ही आकडे तिच्यावर जातात, त्यात तुमचा पीएफ आहे तो वेगळाच. तेव्हा एवढ्यासाठी बँकेत खेटे घालू नका असं माझं मत. पण ज्यांचं मुद्दल वर्षाला साठ-सत्तर हजारच जातंय त्यांनी मात्र सर्टिफिकेटवरचा आकडा डोळे झाकून उचलू नये, दोन ३१ मार्चच्या बाकीतला फरक काढून बघावा. वर्षात नवीन हप्ता डिस्बर्स झाला नसेल तर तोच खरा मुद्दलाचा आकडा.

आईचं नाव सर्टिफिकेटवर आहे म्हणून निम्मं निम्मं करायची गरज नाही. घराची मालकी ज्याची आहे आणि कर्जही आहे त्यालाच ही वजावट मिळते. आई मालक नाहीत, आणि हप्ते सगळे तुमच्या खात्यातनं जातायत, पूर्ण तुमचंच. जिथं नवराबायको दोघं मालक आणि दोघं कर्जदार आहेत तिथं मात्र सर्टिफिकेट दोघांच्या नावानं एकच निघतं आणि आकडा पूर्ण कर्जाचा असतो, दोघांनी तो पूर्ण पूर्ण टाकला की एकच व्याज दोनदा गेलं. तिथं हिश्श्याप्रमाणं वाटायचं आणि दोघांचे आकडे मिळून सर्टिफिकेटवरच्या आकड्याच्या वर जाता कामा नयेत.

आता समजा तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाचं वरच्या पद्धतीनं जुळलंच नाही, तर काय करायचं ते सांगते. आधी कुठं फरक पडतो तो महिना शोधा, म्हणजे वर्षाची तपासणी महिन्या-महिन्याला करा, महिन्याच्या सुरुवातीची बाकी, अधिक व्याज आणि चार्ज, वजा भरलेले. ज्या महिन्यात तुटतं तिथंच काहीतरी असतं, एखादी उलट फिरवलेली एन्ट्री, टॉप-अपचं दुसरं खातं, नाहीतर मध्येच बदललेला व्याजदर. व्याज बरोबर लागलंय का याचा अंदाज घ्यायचा तर त्या महिन्याची बाकी गुणिले दर गुणिले महिन्याचे दिवस, भागिले ३६५. तुमच्या फेब्रुवारीत व्याज १४,२९१ च आहे आणि जानेवारीत १५,८६७, बघून वाटतं काहीतरी चुकलं, पण फेब्रुवारीचे दिवस २८, बाकी काही नाही.

मग ब्रँचला जायचं ते नुसतं "आकडा चुकलाय" म्हणत नाही. काउंटरवरचे साहेब कन्नड बोलणारे असोत की मराठी, तोंडी समजावत बसलात तर तुम्हाला नवीन सर्टिफिकेट छापून हातात देतील, तोच आकडा परत. लेखी द्या, इंग्रजीत चार ओळी, किंवा मेल करा: लोन अकाउंट नंबर, अमुक महिना, स्टेटमेंटप्रमाणं व्याज एवढं, सर्टिफिकेटप्रमाणं एवढं, फरक एवढा, आणि त्या महिन्याच्या एन्ट्रीला खूण केलेला कागद जोडा. पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट आहे.

आपल्या भागात अजून एक प्रकार बराच दिसतो म्हणून सांगते. बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं खूप जणांनी घरासाठी पतसंस्थेतनं किंवा सौहार्दमधनं कर्ज घेतलेलं असतं. तिथलं व्याज २४(ब) मध्ये धरता येतं, कर्ज घरासाठीच वापरलंय हे दाखवता आलं पाहिजे आणि संस्थेचं सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट पाहिजे. मुद्दल मात्र ८०सी मध्ये बसत नाही, कारण त्या यादीत बँका, सहकारी बँका, हाउसिंग फायनान्स कंपन्या, घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या सोसायट्या असे ठरावीकच आहेत, साधी पतसंस्था त्यात नाही. आणि या सर्टिफिकेटांवर बऱ्याचदा "एकूण भरणा" असा एकच आकडा लिहून देतात, व्याज आणि मुद्दल वेगळं नसतंच. तो आकडा रिटर्नमध्ये टाकायचा नाही. खातेउतारा मागून घ्यायचा, वरची तपासणी लावायची आणि व्याज वेगळं लिहून द्या म्हणून सचिवांना सांगायचं, ते देतात.

ताई, तुम्ही रिटर्न अजून भरलं नसेल तर १,९४,१०४ टाकून भरून टाका. घाईत १,९७,१९८ किंवा दोन लाख टाकून आधीच भरलं असेल तर मुदत संपलेली नसेल तोवर रिवाइज्ड रिटर्न भरता येतं, त्यात व्याजाचा रकाना दुरुस्त करा आणि जो फरकाचा टॅक्स निघेल तो व्याजासकट भरून चलनाची माहिती त्यातच टाका. फायनल सर्टिफिकेट, वर्षाचं स्टेटमेंट आणि वरच्या सहा ओळींचा तो हिशेब एकत्र पिन करून फाइलला लावून ठेवा, पुढच्या वर्षी २०,७४,८२४ पासनं सुरुवात करायचीय.